वाडीचा नळ आणि लक्ष्य ६.१

गावपातळीवरच्या प्रकल्पाचा अहवाल उघडला की हल्ली पहिल्याच पानावर रंगीत चौकटी भेटतात. निळी पाण्याची, हिरवी आरोग्याची, लाल शिक्षणाची. संस्थेचा अहवाल असो, कंपनीच्या सीएसआर विभागाचा असो की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा, पाच-सहा चौकटी ठरलेल्याच. एका बंधाऱ्याच्या अहवालावर मी नऊ मोजल्या आहेत. त्या बंधाऱ्यात पाणी किती साठलं हे मात्र आतल्या पानांत कुठेच नव्हतं.

चौकट लावण्यात खोटं काही नसतं, पण तिच्यातून कळतही काही नाही. चौकट म्हणजे ध्येय. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मंजूर केलेल्या कार्यक्रमात अशी १७ ध्येयं आहेत. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं आहेत आणि प्रत्येक लक्ष्य मोजण्यासाठी एक किंवा अधिक निर्देशक आहेत. ‘सर्वांसाठी पाणी आणि स्वच्छता’ हे सहावं ध्येय इतकं ऐसपैस आहे की हापशाचा दांडा बदलला तरी त्यात बसतो. लक्ष्याचं तसं नाही. त्याचं एक नेमकं वाक्य असतं आणि आपलं काम त्या वाक्यात बसतं की नाही हे तपासता येतं. म्हणून अहवालात जोडणी करायची ती लक्ष्याशी, आणि ती करण्याआधी लक्ष्याचं पूर्ण वाक्य व त्याखालचा निर्देशक दोन्ही वाचायचे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. अनेक अहवालांतली लक्ष्यं क्रमांक पाहून निवडलेली असतात, वाक्य वाचून नव्हे.

अडचण अशी की ही लक्ष्यं देशांसाठी लिहिलेली आहेत. त्यांचे निर्देशक देशाच्या लोकसंख्येवर काढले जातात. तीनशे माणसांच्या वाडीत नळ आला म्हणून भारताचा आकडा हलत नाही. महाराष्ट्रातच सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि एकेका ग्रामपंचायतीत अशा अनेक वाड्या. त्यामुळे ‘या प्रकल्पाने देशाच्या लक्ष्यपूर्तीला हातभार लावला’ हे वाक्य तपासताच येत नाही. तपासता येईल असं वाक्य वेगळं असतं: कोणत्या माणसांच्या बाबतीत, लक्ष्यात लिहिलेली कोणती गोष्ट, किती होती ती किती झाली, आणि त्यातलं आपल्या कामामुळे किती. हे चार तुकडे भरता आले तर जोडणी झाली. एकही भरता येत नसेल तर ती चौकट काढून टाकलेली बरी.

हे कोरडं वाटेल, म्हणून एक वाडी घेऊ. वाडी नमुन्याची आहे आणि आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण असं काम सह्याद्रीच्या पूर्व उतारावर जागोजागी चालतं. घरं ६४, माणसं ३१०. पावसाळ्यात छपरं गळतात आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. डोंगराच्या कुशीत एक झरा आहे. संस्थेने त्याच्या वरच्या अंगाला सलग समतल चर खोदले, झऱ्याला बंदिस्त कुंडी बांधली, सौर पंपाने पाणी २० हजार लिटरच्या टाकीत चढवलं आणि तिथून ५२ घरांत नळ दिले. उरलेली १२ घरं टाकीपेक्षा उंचावर आहेत. ती ठाकरवस्ती. तिथे पाणी चढत नाही.

अशा प्रकल्पाच्या अहवालात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘वाडीला दरडोई दररोज ५५ लिटर पाणी उपलब्ध झाले.’ ५५ लिटर हा जलजीवन मिशनचा निकष आहे. तो गाठल्याचं कशावरून ठरवलं, असं विचारलं तर बहुतेक वेळा टाकीची क्षमता भागिले लोकसंख्या असं उत्तर मिळतं. टाकी किती मोठी आहे याने पाणी ठरत नाही. झरा किती देतो याने ठरतं, आणि झरा मोजायला पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ एवढंच लागतं. समजा फेब्रुवारीत बादली ७५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर, दिवसाला १७,२८० लिटर. ३१० माणसांना ५५ लिटरप्रमाणे १७,०५० लिटर लागतात. जेमतेम बसलं. मे महिन्यात तीच बादली भरायला अडीच मिनिटं लागली. दिवसाला ८,६४० लिटर, माणशी २८ लिटरच्या आत. गुरांचं पाणी यात धरलेलंच नाही, आणि वाडीत गुरं असतातच.

या दोन मोजण्यांनी अहवालाचं अर्धं काम केलेलं आहे. फेब्रुवारीत भेट देऊन लिहिलेला अहवाल ‘५५ लिटर’ म्हणेल, मेमध्ये लिहिलेला ‘निम्मं’ म्हणेल आणि दोघंही खरं सांगत असतील. टंचाई ज्या महिन्यात असते त्या महिन्याचा आकडा अहवालात नसेल तर वाचणाऱ्याने तो प्रकल्प अर्धाच पाहिला असं समजावं. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच मावतं. असे झरे दिवाळीनंतर भराभर उतरतात. त्यामुळे महिन्याला एक मोजणी, तीही वर्षभर, ही फार मोठी अपेक्षा नाही. पंप चालू-बंद करणारा माणूस भिंतीवर लिहून ठेवू शकतो.

आता लक्ष्य ६.१ कडे. त्याचा आशय असा: २०३० पर्यंत सर्वांना, समन्यायी पद्धतीने, सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी मिळावं. त्याचा निर्देशक ६.१.१ म्हणजे ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पेयजल सेवा वापरणाऱ्या लोकसंख्येचं प्रमाण. या शब्दांचा अर्थ जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमाने ठरवून दिलेला आहे. पाण्याचा स्रोत सुधारित म्हणजे संरक्षित असावा. त्याशिवाय तीन अटी: पाणी घराच्या आवारात मिळावं, हवं तेव्हा मिळावं, आणि विष्ठेतले जंतू व प्रमुख घातक रसायनं यांपासून मुक्त असावं. तिन्ही एकाच वेळी. एखादी अट चुकली तर ते घर पायरीने खाली येतं. स्रोत सुधारित आहे आणि रांगेतला वेळ धरून जाऊन-येऊन तीस मिनिटांत पाणी आणता येतं, तर ती ‘मूलभूत’ सेवा. तीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ‘मर्यादित’. त्याखाली उघडी विहीर, नाला, डोह.

ही शिडी गावच्या अहवालाला फार उपयोगाची आहे. जागतिक निर्देशकांतले फारच थोडे असे घरागणिक लावून बघता येतात. आपल्या वाडीला लावू. पहिली अट, आवारात नळ: ५२ घरं, समजा २५० माणसं. ३१० पैकी २५० म्हणजे ८१ टक्के. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. दुसरी अट, हवं तेव्हा पाणी: मेमध्ये टाकी अर्धीच भरते आणि पाइपलाइनच्या शेवटच्या १४ घरांना दिवसाआड, कधी तिसऱ्या दिवशी पाणी मिळतं. रोज मिळणारी घरं ३८, माणसं १८४. म्हणजे ५९ टक्के. तिसरी अट, शुद्धता: टाकीतल्या पाण्याची दर महिन्याला एचटूएस बाटलीने तपासणी केली. जुलै आणि ऑगस्टमध्ये बाटली काळी पडली, म्हणजे जंतुदोष आहे. टाकी एकच असल्यामुळे दोष एका घराचा नाही, सगळ्या ५२ घरांचा. त्या दोन महिन्यांत ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाणी पिणारी माणसं शून्य.

८१, ५९ आणि शून्य. तिन्ही आकडे एकाच नळाचे.

अहवाल लिहिणारा इथे घाबरतो आणि शुद्धतेची ओळ गाळतो. खरं तर प्रकल्पाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम त्याच ओळीत दडलेलं आहे. बाटली काळी पडल्यावर काय केलं? आपल्या वाडीत शोध घेतला तेव्हा कुंडीच्या झाकणाची फट सापडली आणि टीसीएल पावडर अंदाजाने, आठवड्यातून एकदा टाकली जात असल्याचं कळलं. फट बुजवली, टाकीवर थेंबाथेंबाने क्लोरीन सोडणारं साधं यंत्र बसवलं आणि जलसुरक्षकाला नळाच्या शेवटच्या टोकाला उरलेलं क्लोरीन तपासायला शिकवलं. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. सप्टेंबरपासून बाटल्या स्वच्छ आल्या. बारा महिन्यांचा तक्ता, त्यात दोन काळ्या खुणा आणि त्यापुढे केलेल्या दुरुस्तीची तारीख असं एक पान अहवालात आलं, तर ६.१ शी जोडणी सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही. सगळ्या बाराही बाटल्या स्वच्छ दाखवणाऱ्या तक्त्यावर जाणता माणूस विश्वास ठेवत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी भर पावसात जरासुद्धा बिघडलं नाही म्हणजे तपासणीच झाली नसावी.

बाटलीने कळतो तो फक्त जंतुदोष. नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. वर्षातून एकदा पुरतो. तोही पाठवलेला नसेल तर अहवालात ‘सुरक्षित’ हा शब्द वापरू नये. ‘जंतुदोषमुक्त’ म्हणावं आणि कोणत्या महिन्यांत ते लिहावं.

आणि लक्ष्याच्या वाक्यातलं ‘समन्यायी’? ते वरच्या १२ घरांसाठी आहे. ८१ टक्के हा आकडा सांगताना उरलेले १९ टक्के कोण, हे सांगितलं नाही तर ६.१ चं अर्धं वाक्य खोडल्यासारखं होतं. वाडीतली सगळ्यात गरीब घरं नेमकी नळाबाहेर राहिली, ही योगायोगाची गोष्ट नाही. उंचावरची, खडकाळ, नंतर मिळालेली जागा त्यांच्या वाट्याला आली, म्हणूनच ती टाकीच्या वर आहेत. अहवालात त्यांची वेगळी ओळ हवी: १२ घरं, ६० माणसं, आधीही विहीर, आताही विहीर. विहिरीला कठडा आणि झाकण नसेल तर शिडीवर ती ‘मूलभूत’च्याही खाली. वर छोटी टाकी आणि दुसरा पंप बसवायचा तर खर्च किती येईल, हेही त्याच पानावर लिहावं.

आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो अशी एक जागा आहे, आणि पाण्याच्या अहवालांत ती वारंवार सापडते. आधीची स्थिती कोणत्या वर्षी मोजली? ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. पुढचा पावसाळा चांगला झाला, इतका की कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आधीची पाहणी मे २०१९ मध्ये आणि नंतरची मे २०२० मध्ये केली असेल तर एक दगडही न हलवता विहिरीचं पाणी वाढलेलं दिसेल. अलीकडचं उदाहरण आणखी फसवं आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात भर उन्हाळ्यात जोरदार पाऊस झाला आणि मोसमी पाऊसही महिना संपायच्या आत दाखल झाला. मे २०२४ आणि मे २०२५ यांची तुलना करून ‘टँकरमुक्ती’ जाहीर करणाऱ्या अहवालाने श्रेय ढगांचं घेतलं आहे. उपाय अवघड नाही. जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी ठेवावेत, साधारण सारख्या पावसाच्या वर्षांशी तुलना करावी, आणि जमलं तर पलीकडच्या, काम न झालेल्या वाडीचा झराही त्याच दिवशी त्याच बादलीने मोजावा. आपला झरा दुप्पट झाला आणि पलीकडचाही दुप्पट झाला, तर चरांनी काही केलं असं म्हणता येत नाही. नळाने केलं, एवढंच म्हणता येतं. तेही कमी नाही.

पाण्याच्या प्रकल्पाला जोडलं जाणारं दुसरं लक्ष्य ५.४. बायकांचा वेळ वाचला, म्हणून ही जोडणी. लक्ष्याच्या वाक्यात विनामोबदला घरकामाची दखल घेणं, त्यासाठी सार्वजनिक सेवा आणि पायाभूत सुविधा पुरवणं, आणि घरात जबाबदारी वाटून घेण्याला उत्तेजन देणं हे सगळं येतं. म्हणजे नळाला इथे हक्काची जागा आहे. निर्देशक ५.४.१ मात्र घरकामात आणि संगोपनात दिवसाचा किती हिस्सा जातो हे स्त्री-पुरुषांनुसार मोजतो. देशपातळीवर तो आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीतून येतो. अशी पाहणी २०१९ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा झाली.

वाडीत काय दिसतं? उन्हाळ्यात विहिरीवर जाऊन-येऊन एक खेप ५० मिनिटांची. चालणं त्यातलं वीस मिनिटांचंच, बाकीचा वेळ विहिरीच्या तळाशी पाणी पाझरून तांब्यात येण्याची वाट पाहण्यात. दिवसाला चार खेपा, म्हणजे २०० मिनिटं. नळ आल्यावर पाणी भरण्यात जातो अर्धा तास. घरामागे दिवसाला १७० मिनिटं वाचली. इथून पुढे गुणाकार सुरू होतो आणि तोच घात करतो. १७० गुणिले ३६५ केले की घरामागे वर्षाला हजार तासांवर आकडा जातो. पण पावसाळ्यात विहीर काठोकाठ असते, खेप दहा मिनिटांत होते. टंचाईचे दिवस समजा ९०. त्या ९० दिवसांचे होतात २५५ तास. चौपट फरक, आणि तो केवळ वर्षभराने गुणल्यामुळे. शिवाय हा हिशेब ३८ घरांनाच लागू. शेवटच्या १४ घरांच्या बायका नळ कोरडा असेल त्या दिवशी अजूनही विहिरीवर जातात.

बरं, वाचलेल्या २५५ तासांचं काय झालं? त्याच बाईने ते जळणाला, शेणगोठ्याला दिले असतील, तर ५.४.१ जागचा हलत नाही. मजुरीला गेली असेल, तरी तिचा एकूण कामाचा दिवस तेवढाच लांब राहतो. दुपारी आडवी झाली असेल तर ती माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट, पण अहवालांना ती लिहायला संकोच वाटतो. त्यांना वाचलेल्या वेळात शिवणकाम हवं असतं. पुरुषांनी घरकामातला वाटा उचलला का, हा प्रश्न तर नळाने सुटतच नाही. म्हणून ५.४ ला जोडावं, पण दुय्यम म्हणून, आणि जोडताना म्हणावं: टंचाईच्या काळात पाणी आणण्याचा वेळ इतका कमी झाला, घरकामाच्या वाटणीत बदल मोजलेला नाही.

बाकीच्या चौकटी लवकर आटोपतात. आरोग्यासाठी ३.३ लावलं जातं, कारण त्याच्या वाक्यात जलजन्य आजारांचा उल्लेख आहे. पण त्याचे निर्देशक एचआयव्ही, क्षयरोग, हिवताप, कावीळ-ब आणि काही दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग मोजतात. जुलाबाला तिथे जागाच नाही. असुरक्षित पाण्यामुळे होणारे मृत्यू ३.९ खाली येतात, आणि ३१० माणसांत तसा आकडा निघत नाही, निघूही नये. उपकेंद्राच्या नोंदवहीत जुलाबाचे रुग्ण नऊवरून चारवर आले, तर ते जरूर लिहावं. एवढ्या लहान आकड्यात योगायोगही असू शकतो, हेही सोबत लिहावं. जमिनीच्या १५.३ चं तसंच. त्याचा निर्देशक जमिनीवरचं आच्छादन, तिची उत्पादकता आणि मातीतला कार्बन यांवरून काढतात. चर खोदले हे यातलं काहीच नाही. चरांवर गवत धरलं, चराई थांबली, तीन-चार वर्षांनी आच्छादन दिसलं, मग बोलावं. भागीदारीचं १७.१७ तर सगळेच लावतात, कारण महिला मंडळ, ग्रामपंचायत आणि कंपनी एका फोटोत असतात. त्याचा निर्देशक पायाभूत सुविधांसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीत बांधील केलेली रक्कम डॉलरमध्ये मोजतो. फोटो त्यात धरत नाहीत.

एक लक्ष्य मात्र अहवालात यायला हवं आणि येत नाही, कारण ते आपल्या विरोधात जाऊ शकतं. ६.४ पाण्याच्या वापरातली कार्यक्षमता आणि शाश्वत उपसा यांबद्दल आहे. सौर पंपाला विजेचं बिल नाही, म्हणून तो थांबवायला कोणाला कारणही नाही. पहिल्या वर्षी पाणी पिण्यापुरतं, दुसऱ्या वर्षी परसातल्या भाजीला, तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी टोमॅटोला. झऱ्याच्या खालच्या अंगाला दुसरी वाडी असते आणि तिच्या विहिरीला याच झऱ्याचं पाणी पोहोचत असतं. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामांनंतर हे अनेकदा घडलं आहे. पाणी अडवलं, पातळी वाढली, बोअर वाढले, बागायत वाढली आणि पुन्हा टँकर. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत साठवण्याची रीत तर कागदावर जलसंधारण दिसते आणि जमिनीखाली उपसा असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव अजून घेतलं जातं ते नुसत्या चरांमुळे नाही. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही हे ठरवलं आणि पावसाचा हिशेब मांडून त्या वर्षीची पिकं ठरवायची पद्धत बसवली. आपल्या वाडीच्या अहवालात ६.४ खाली एवढं तरी असावं: पंप दिवसाला किती तास चालतो, कुंडीतून खाली किती पाणी सोडायचं ठरलं आहे, आणि खालच्या वाडीच्या विहिरीची मेमधली पातळी प्रकल्पाआधी किती होती, आता किती आहे. ती खाली गेली असेल तर आपण ६.१ एका वाडीतून दुसरीकडे सरकवलं आहे.

जागतिक लक्ष्य आणि वाडी यांच्यामध्ये भारतात दोन पायऱ्या आहेत. अहवाल लिहिणारे त्या ओलांडून थेट संयुक्त राष्ट्रांकडे उडी मारतात. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने राष्ट्रीय निर्देशक चौकट केलेली आहे. तिथे ६.१ खालचा निर्देशक नळपाणी योजनेतून आवारात सुरक्षित व पुरेसं पाणी मिळणाऱ्या लोकसंख्येचं प्रमाण मोजतो. आपल्या वाडीच्या आकड्याला ही मापपट्टी जवळची आहे. त्याखाली पंचायतराज मंत्रालयाने १७ ध्येयांच्या ९ संकल्पना केल्या, त्यातली एक जलसमृद्ध गावाची. पंचायत प्रगती निर्देशांक त्यावरच उभा आहे. २०२२-२३ च्या माहितीवरच्या पहिल्या निर्देशांकात ४३५ स्थानिक निर्देशक होते आणि तो एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामपंचायत विकास आराखडाही याच संकल्पनांवर करायचा असतो. म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या संगणकात आपल्या गावाचा पाण्याचा आकडा असतोच. अहवालाने तो घ्यावा, आपल्या आकड्याशेजारी ठेवावा आणि फरक का पडतो ते सांगावं.

फरक पडतोच. गट ग्रामपंचायतीत चार गावं आणि अकरा वाड्या असतील तर मोठ्या गावाची सरासरी वाडीला झाकून टाकते. कागदावर ग्रामपंचायत ९० टक्के नळजोडणीची आणि ठाकरवस्ती विहिरीवर, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. स्थानिक प्रकल्पाच्या अहवालाचं खरं मोल मला इथे दिसतं. सरकारी निर्देशकाला जी बारा घरं दिसत नाहीत, ती हा अहवाल दाखवू शकतो.

पैसे देणाऱ्याला काय हवं, हा प्रश्न राहतो. कंपनी कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत सुरक्षित पिण्याचं पाणी आहे. सीएसआरचा खर्च त्यावर उभा राहतो, ध्येयांच्या चौकटींवर नाही. मोठ्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाचं स्वतंत्र परिणाम-मूल्यमापन करावं लागतं. तिथे बाहेरचा माणूस येऊन हेच प्रश्न विचारतो आणि बारा महिन्यांची मोजणी नसेल तर त्यालाही अंदाजच लिहावे लागतात. लहान प्रकल्पाला ही सक्ती नाही, पण बादली त्यालाही परवडते. चौकटी कमी दिसल्या तर देणगीदार नाराज होईल, ही संस्थांची भीती मी पुष्कळदा ऐकली आहे. नऊ चौकटींच्या शेजारी एकही आकडा न पाहिलेला देणगीदार दुसऱ्या वर्षी काय विचारतो, तेही ऐकलं आहे: मग टँकर अजून का येतो?

आपल्या वाडीचा परिच्छेद असा होईल. ‘प्रकल्पाची मुख्य जोडणी लक्ष्य ६.१ शी आहे. ३१० पैकी २५० रहिवाशांना आवारात नळ मिळाला. मे महिन्यात दररोज पाणी मिळणारे १८४. पाणी सप्टेंबरपासून सलग जंतुदोषमुक्त, जुलै-ऑगस्टमध्ये नव्हते. वरच्या वस्तीतील १२ घरांच्या स्थितीत बदल नाही. झऱ्याचा प्रवाह फेब्रुवारीत मिनिटाला १२ लिटर, मेमध्ये ६. चरांमुळे प्रवाह वाढला किंवा कसे, हे एका वर्षाच्या मोजणीवरून सांगता येत नाही. दुय्यम जोडणी ५.४ शी: ३८ घरांत टंचाईच्या ९० दिवसांत पाणी आणण्याचा वेळ घरामागे दिवसाला सुमारे १७० मिनिटांनी कमी. ६.४ च्या दृष्टीने खालच्या वाडीच्या विहिरीची पातळी नोंदवली जात आहे.’

त्यात एक ओळ राहिली, ६.बी ची. अक्षर लावलेली लक्ष्यं साधनांची असतात, आणि हे लक्ष्य पाणी-व्यवस्थापनात स्थानिक लोकांचा सहभाग बळकट करण्याबद्दल आहे. त्याखाली ‘ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती स्थापन केली’ असं लिहून चालत नाही, समित्या कागदावर सगळीकडे आहेत. तिथे लिहायच्या गोष्टी वेगळ्या: समितीच्या बैठकांच्या तारखा, पाणीपट्टी महिन्याला किती ठरली आणि ५२ पैकी किती घरांनी भरली, क्लोरीन संपल्यावर ते कोणाच्या पैशाने आणलं, आणि पंप बिघडला त्या वेळी तो किती दिवसांत चालू झाला.